आईचं अंग बाहेर यायचं म्हणून रिंग बसवली, आता लघवी साफ होते पण खोकलं की गळते. रिंगचा दोष का?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे पण घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथं लिहितेय. आई ६३ वर्षांची, कराडजवळ गावी असते, चार बाळंतपणं सगळी घरीच, आणि आयुष्यभर शेतातली कामं. शुगर ९ वर्षं आहे. गेली चारेक वर्षं अंग बाहेर येतंय हे तिनं कुणाला सांगितलंच नाही, मला कळलं ते सुद्धा तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा. मग विचारल्यावर म्हणाली, लघवीला बसलं की धार सुरूच होत नाही, बोटानं आतला गोळा वर सरकवावा लागतो तेव्हा कुठं होते, आणि उठल्यावर परत वाटतं की राहिलीय. संध्याकाळी जास्त, सकाळी उठल्या उठल्या बरं असतं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही २१० एमएल शिल्लक दिसली.

डॉक्टरांनी रिंग बसवली. पहिली ६५ नंबरची, ती तिसऱ्या दिवशी संडासात उकिडवी बसली तर निसटून पडली, आई इतकी घाबरली की तिला वाटलं पिशवीच तुटून पडली. मग ७० ची, मधे पडदा असलेली बसवली, ती राहिलीय. आता लघवी एका दमात होते, बोट लावावं लागत नाही, परत सोनोग्राफी केली तर शिल्लक ६० एमएल. पण आता खोकली, शिंकली, घागर उचलली की गळते. आधी हे अजिबात नव्हतं! आई म्हणतेय "हे काढून टाका, त्यापेक्षा पहिलं बरं होतं". रिंगमुळे काही बिघडलं का? आणि ऑपरेशन केलं तर दोन्ही थांबेल का?

बबन्या:
ताई राग मानू नका पण ६३ व्या वर्षी तांबी कशाला बसवली? आमच्याकडे मिसेसला बसवली होती ती पाच वर्षांनी काढली. काढून टाका की सरळ.

शेवंती:
@बबन्या, ती तांबी नव्हे हो 😄 तांबी पाळणा लांबवायला, गर्भपिशवीच्या आत. ही सिलिकॉनची मऊ रिंग असते, योनीमार्गात बसते आणि खाली आलेलं वर तोलून धरते.

कोयनाकाठ, माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. आमच्याकडे सरळ पिशवी काढायचं ऑपरेशन केलं, अंग यायचं बंद झालं. माझं मत, रिंग वगैरेच्या नादी लागू नका, पिशवी काढली की प्रश्नच मिटतो. नसेल पिशवी तर खाली येणार काय?

निवांत_डॉक्टरीण:
मी गायनॅक, ३० वर्षं प्रॅक्टिस करून आता निवृत्त. आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं त्या बेतानं घ्या.

आधी शेवंतीताईंचा मुद्दा, कारण हा घोळ आपल्या भाषेतच आहे. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि मूत्राशयालाही लघवीची पिशवी म्हणतो, मग डॉक्टर म्हणाले "पिशवी खाली आलीय" की प्रत्येक जण गर्भाशयच धरून चालतो. कोयनाकाठ, तुम्ही जे सांगताय, की गोळा बोटानं वर केला की धार सुटते, त्यावरून वाटतं की आईंची पुढची भिंत, म्हणजे लघवीची पिशवी, जास्त खाली आलीय. गर्भाशय थोडं सोबत असेलही. नुसतं गर्भाशय काढलं आणि पुढची भिंत व वरचा आधार नीट शिवला नाही, तर गर्भाशय नसताना सुद्धा अंग परत खाली येतं. अशा बायका मी दरवर्षी पाहिल्यात. "पिशवी काढलीय हो माझी, मग हे काय?" असं म्हणत यायच्या.

आता रिंगचं. रिंगनं काही बिघडवलेलं नाही, झाकलेलं होतं ते उघडं केलंय. तुमच्याकडे शेतात पाइप असेलच. पाइप मधेच मुडपला तर पुढं पाणी जात नाही, आणि पुढच्या टोकाची तोटी खराब असली तरी ते कळतही नाही, कारण तिथवर पाणी पोचतच नाही. मुडप सरळ केली की तोटी ठिबकायला लागते. आईंची मूत्रनळी त्या खाली आलेल्या पिशवीमुळे मुडपलेली होती, म्हणून लघवी साचायची, आणि त्याच मुडपीमुळे खोकल्यावर गळायची नाही. रिंगनं मुडप काढली. २१० चे ६० झाले हे त्याचंच माप. तोटी मात्र बहुधा चार बाळंतपणांपासून सैल असावी.

एक विचारते, शुगरसाठी कोणत्या गोळ्या आहेत? आणि पहिली सोनोग्राफी कशी केली, खूप पाणी पाजून बसवून ठेवलं होतं का?

कोयनाकाठ:
बाप रे, हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. आईला फोनवर पाइपचं सांगितलं, ती म्हणाली "मग तोटी बदला" 😀

गोळ्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. आणि हो, सोनोग्राफीला बाटली दीड बाटली पाणी पाजलं आणि दोन तास रांगेत, तिला अगदी सहन होत नव्हतं तोवर. दुसऱ्या वेळी एवढी गर्दी नव्हती.

निवांत_डॉक्टरीण:
तेच वाटलं होतं. लघवीची पिशवी प्रमाणाबाहेर तुंबली की ती धडपणे आकुंचन पावत नाही, चांगल्या बाईची सुद्धा थोडी शिल्लक राहते. तेव्हा २१० मधले काही त्या रांगेचे असू शकतील. नेहमीसारखं प्यावं, नेहमीसारखी लघवी लागली की जावं आणि दहापंधरा मिनिटांत मोजावं, ते खरं माप. तरी तीन इन्फेक्शन आणि बोटाची गरज पाहता साचत होती यात शंका नाही.

डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे लघवी वाढते आणि खाली खाज, बुरशी होऊ शकते. आपल्या मनानं बंद करू नका, पण शुगरच्या डॉक्टरांना सांगा की अंग येतंय, इन्फेक्शन होताहेत, गळतंय. बहुतेक वेळा दोन डॉक्टरांना एकमेकांचं माहीतच नसतं.

रुचा_फिट:
केगल्स!!! रोज केगल्स करा, तीन महिन्यांत ऑपरेशनची गरजच राहणार नाही. लघवी करताना मधेच धार अडवायची, सोडायची, परत अडवायची, असं रोज दहा वेळा. माझी डिलिव्हरीनंतरची गळती पूर्ण थांबली.

निवांत_डॉक्टरीण:
@रुचा_फिट, तुमची थांबली हे खरंच असणार. खोकल्यावरच्या गळतीला हा व्यायाम पहिला उपाय आहे, आणि तीन महिने नेटानं करायचा हेही बरोबर. पण धार अडवून करायचा नाही. कोणता स्नायू ते कळावं म्हणून एखाद्या वेळी करून पाहिलं इतपत ठीक. रोज लघवी अडवत बसलं तर पिशवी पूर्ण रिकामी न करायची सवय लागते, आणि या आईंचा मूळ प्रश्नच तो आहे. झोपून किंवा बसून, पोट आणि मांड्या सैल ठेवून, गॅस अडवतो तसं आत वर ओढायचं, ५ ते ८ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. घागर उचलायच्या आधी, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं. पण बाहेर आलेला गोळा त्यानं आत जाऊन बसेल अशी आशा धरू नका. दाराच्या आतच असलेल्यांना फरक पडतो, दाराबाहेर आलेल्यांना फारसा नाही.

मावशी६८:
मी रिंगवाली आहे 🙋‍♀️ चार वर्षं झाली. मला ऑपरेशन नको होतं, एक तर हार्टची गोळी चालू आणि मुलगा परदेशी, कोण करणार माझं. कोयनाकाठ, तुझी आई घाबरली ते अगदी समजू शकते, माझीही पहिली अशीच पडली होती, कमोडमध्ये. डॉक्टरांकडे नीट चालून, उकिडवं बसून, खोकून आणि लघवी करून दाखवून मगच घरी यायचं असतं हे मला नंतर कळलं. लघवी नाही झाली तर रिंग मोठी झाली, पडली तर लहान झाली.

मी दर शनिवारी रात्री काढते, रविवारी सकाळी घालते. काढायला जरा वाकून बसायचं, बोट कडेत अडकवायचं, थोडं कुंथायचं म्हणजे ती आपसूक खाली येते, मग ओढायची. साधा साबण आणि पाणी, बाकी काही नाही, डेटॉल बिटॉल अजिबात नको. घालताना मधून करंजीसारखी दुमडायची, टोकाला थोडी जेली आणि माकडहाडाच्या दिशेनं सरकवायची, आत गेली की उघडते. बसल्यावर जाणवता कामा नये. जाणवली तर नीट बसली नाही. पहिल्या दोन वेळा मला अर्धा अर्धा तास लागला आणि घाम फुटला, आता चहा उकळेपर्यंत होतं.

पांढरं पाणी थोडं जास्त जातं, त्याला घाबरू नये. वास आला किंवा रक्त दिसलं तर मात्र लगेच जायचं. मला दुसऱ्या वर्षी रक्ताचे डाग पडले होते, आत रिंगनं घासून जखम झालेली, तीन आठवडे रिंग काढून क्रीम लावलं मग भरली. तेव्हापासून एस्ट्रिऑलचं, म्हणजे हार्मोनचं क्रीम आठवड्यातून दोनदा आतून लावते.

निवांत_डॉक्टरीण:
मावशी, तुम्ही माझ्या ज्युनियरांपेक्षा छान शिकवता. एकच भर घालते. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला रक्त दिसलं तर "रिंगनं घासलं असेल" म्हणून सोडून देऊ नये, गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी एकदा व्हायला हवी. आणि स्वतः काढता येत नसेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी कुणीतरी काढून, आत पाहून, परत घालायलाच हवी. मी एक आजी पाहिल्या, त्यांना रिंग बसवलेली घरच्यांच्या लक्षातच नव्हती, सात वर्षं! रिंग भिंतीत रुतून बसलेली, भूल देऊन कापून काढावी लागली. ज्या घरात आठवण ठेवणारं कुणी नाही तिथं रिंग ही वाईट निवड आहे.

लीड्सकर:
इंग्लंडमध्ये राहते. ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी एक विचारा, जाळी घालणार आहेत का! इकडे जुलै २०१८ पासून जाळीची ऑपरेशनं थांबवलीत, बायकांचे इतके हाल झाले. तुमच्याकडे अजून सर्रास घालतात असं ऐकते.

निवांत_डॉक्टरीण:
विचारायलाच हवं, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. अंग वर धरायला योनीमार्गातून मोठी जाळी घालायची ती एक. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्रीच बंद करायला लावली. तिची मी कुणालाही शिफारस केली नसती. दुसरी म्हणजे गळतीसाठी मूत्रनळीखाली घालतात ती सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी, टीव्हीटी किंवा टीओटी म्हणतात ती. तुमच्याकडे ती सुद्धा थांबवली, अमेरिकेत नाही थांबवली. पट्टीचेही त्रास आहेत, मांडीत दुखणं, पट्टी उघडी पडणं, लघवी अडकणं, पण मोठ्या जाळीइतके नाहीत. आईंच्या वयात आपलेच टिश्यू शिवून, वरचा भाग आतल्या मजबूत दोरीसारख्या लिगामेंटला बांधून ऑपरेशन जाळीशिवाय नीट होतं.

शेवंती:
मी वर लिहिलं होतं ना सासूबाईंचं, त्यांना काल सहज विचारलं. त्यांना ऑपरेशननंतर महिन्याभरात खोकल्यावर गळायला लागलं होतं! आम्हाला कुणालाच सांगितलं नाही, लाजेनं पॅड वापरतात, आणि म्हणाल्या "वाटलं वयानं असेल". सात वर्षं झाली. मला इतकं वाईट वाटलं. म्हणजे त्यांचंही तोटीचंच?

निवांत_डॉक्टरीण:
तसंच दिसतं. आणि म्हणूनच कोयनाकाठ, तुमच्या आईंचं नशीब म्हणा, आधी रिंग बसली. रिंग ही एका अर्थी ऑपरेशनची रंगीत तालीम असते. ऑपरेशननं जे होईल ते सगळं रिंगनं आधीच दिसलं. लघवी साफ झाली म्हणजे साचण्याचं कारण मुडप होतं, पिशवीचा स्नायू पुरता गेलेला नाही, तेव्हा ऑपरेशननंही साफ होण्याची चांगली आशा आहे. ९ वर्षांच्या शुगरमध्ये ही भीती असते की स्नायूच मेलाय. रिंग घालूनही शिल्लक २०० च राहिली असती तर मी ऑपरेशनच्या बाबतीत फार सावध झाले असते, कारण अंग आत गेलं तरी लघवी साचतच राहिली असती. आणि रिंगसोबत गळायला लागलं, म्हणजे नुसतं अंग शिवलं तर हेच गळणं शिल्लक राहील, शेवंतीताईंच्या सासूबाईंसारखं.

पण एक नीट विचारा. खोकल्याबरोबर त्याच क्षणी थेंब जातो, की लघवी लागली म्हणून धावताना वाटेत जाते?

कोयनाकाठ:
विचारलं. दोन्ही म्हणाली! खोकल्यावर जास्त. पण रात्री दोनदा उठते तेव्हा कधी कधी मोरीपर्यंत पोचत नाही.

निवांत_डॉक्टरीण:
धावताना जाते तिच्यासाठी पट्टी नाही. ते पिशवीचं अवेळी आवळणं. अंग वर गेल्यावर काही जणींचं कमी होतं, काहींचं नाही, आणि ते आधी कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. त्याला मिराबेग्रॉन, सोलिफेनासिन अशा गोळ्या असतात, पण सोलिफेनासिनसारख्यांनी शिल्लक वाढू शकते, म्हणून रिंग आत असताना शिल्लक मोजूनच.

खोकल्याचं पाहायला सोपी तपासणी आहे. पिशवी बऱ्यापैकी भरलेली, अंग वर धरलेलं, आणि उभं राहून जोरात खोकायचं. आईंच्या बाबतीत रिंग आत आहेच. ऑपरेशनच्या आधी युरोडायनॅमिक्स, म्हणजे पिशवी भरताना आणि रिकामी होताना आतला दाब मोजायची तपासणी, तीही करून घ्या असं मी सुचवेन, सगळ्यांना लागत नाही, पण शुगर, साचणं आणि दोन प्रकारची गळती एकत्र आहे म्हणून.

शेवंती:
मग ऑपरेशनमध्येच ती पट्टी घालून टाकली तर? दोनदा भूल तरी नको.

निवांत_डॉक्टरीण:
इथं डॉक्टरांतही दोन तट आहेत. अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये छापली गेली. अंगाचं ऑपरेशन होतंय पण आधी खोकल्यावर गळत नाही अशा बायका, निम्म्यांना सोबत पट्टी, निम्म्यांना नाही. वर्षानं पट्टीवाल्यांत १०० पैकी २७ जणींना कुठली तरी गळती, बिनपट्टीवाल्यांत ४३ जणींना. म्हणजे फायदा आहे. पण पट्टीवाल्यांत १०० पैकी ६-७ जणींच्या पिशवीला ऑपरेशनमध्ये छिद्र पडलं, इन्फेक्शन जास्त, आणि काहींची लघवी अडकली. दुसऱ्या बाजूनं बघा, बिनपट्टीवाल्या अर्ध्याहून जास्त जणींना काहीच लागलं नाही.

आईंना तर रिंग घातल्यावर गळतंयच, म्हणून सोबत पट्टीचा पक्ष जड होतो. पण शिल्लक ६० आणि शुगर, म्हणून माझा हात जरा मागे येतो, पट्टी थोडी घट्ट झाली तर साचणं परत. मी स्वतः बहुधा अंग आधी करून, तीन महिने व्यायाम, मग गळतीनं खरंच जगणं अडलं तर पट्टी, असं केलं असतं. माझीच एक मैत्रीण एकदम करा म्हणेल, आणि ती चूक नाही.

लीड्सकर:
मी तर म्हणेन पट्टी नकोच.

चिंगी_३१:
मधेच विचारते, सॉरी. मी ३१ ची, एक मूल, माझंही थोडं खाली आलंय, आणि दुसरं मूल हवंय. मला तर पिशवी काढायची नाहीये.

निवांत_डॉक्टरीण:
काढायची गरजही नाही. व्यायाम, रिंग, आणि मूल झाल्यावर पुढचा विचार. तरुण मुलींची गर्भपिशवी न काढता वर टांगायची ऑपरेशनं मुंबईतच डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवली, जगभर त्यांच्या नावानं ओळखली जातात. वेगळा धागा काढा, तिथं लिहिते.

कोयनाकाठ:
अपडेट देते. खोकल्याची तपासणी झाली, उभं राहून खोकल्याबरोबर लगेच धार, म्हणजे तोटी नक्की. युरोडायनॅमिक्सची तारीख पुढच्या महिन्यात मिळालीय. शुगरच्या डॉक्टरांनी डापा बंद करून दुसरी गोळी दिली, रात्रीचं उठणं दोनाचं एक झालंय, त्यामुळे की कशामुळे माहीत नाही.

आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला करंजी जमत नाही. मी दर महिन्याला गावी जाते तेव्हा काढून धुवून घालते. पहिल्यांदा दोघींनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, आता ती त्यातच शेजारणीची चुगली करते. ऑपरेशनचं तिनं ऊस गेल्यावर बघू म्हटलंय. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले, पट्टी सोबत की नंतर, तिनं विचारलं "तोटी बसवली आणि पाणी अडलं तर?" ते म्हणाले काही दिवस नळी, फारच झालं तर पट्टी सैल करायची किंवा कापायची. त्यावर ती गप्प झाली. अजून ठरलेलं नाही.

मावशी६८:
तिला म्हणावं घागर अर्धी भर आणि दोन खेपा कर. आणि पाळीचे पॅड नको वापरू, लघवीचे वेगळे मिळतात, ते ओल धरतात, मांड्या सोलवटत नाहीत.

बबन्या:
तांबीबद्दल माफी. आमच्या आईला विचारलं आज, तिलाही येतंय म्हणाली. सहा वर्षं. कराडच्या आसपास कुणाला दाखवावं?

कोयनाकाठ:
@बबन्या, विपु करते.